उत्तराआधीचा एक सेकंद

ताई भावाला फोन करते. ‘‘रविवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेशील का रे?’’ पलीकडून लगेच काही येत नाही. जेमतेम एक सेकंद जातो. तेवढ्यात ताईच म्हणते, ‘‘जमत नसेल तर राहू दे, मी बघते काहीतरी.’’ भाऊ गडबडून म्हणतो, ‘‘अगं ताई, नेतो ना! कुठे नाही म्हटलं?’’ फोन ठेवल्यावर ताई नवऱ्याला सांगते, ‘‘हो म्हणाला, पण मनापासून नाही.’’

भाऊ त्या सेकंदात काय करत होता? रविवारी मुलीचा क्लास किती वाजता सुटतो, ते आठवत होता. तो विचार करत होता आणि ताईला मात्र उत्तर मिळून गेलं होतं. शब्दांवरून दोघांत काहीच गैरसमज झाला नाही. जे बोललंच गेलं नाही, त्यावरून झाला.

असा संवाद कुणाच्याही घरात घडतो, आणि तो घडतो कसा याचा अभ्यास गेली पन्नास वर्षं चालू आहे. संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकायच्या, दोन बोलण्यांमधली शांतता सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची आणि पुढे कोण काय बोललं ते पाहायचं, अशी ही पद्धत. त्यातून जे हाती लागलं, ते रोजच्या बोलण्यात, वर्गात, दवाखान्यात आणि न्यायालयातही उपयोगी पडणारं आहे.

शांतता कोणाची?

हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेगलॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसं बोलण्याची पाळी एकमेकांकडे कशी सोपवतात, हा त्याचा विषय. त्यांनी दाखवून दिलं की संभाषणातली प्रत्येक शांतता सारखी नसते. मी बोलता बोलता मध्येच थांबलो, माझं वाक्य अजून पुरं व्हायचं आहे, तर ती शांतता माझी. मी तुम्हाला प्रश्न विचारून थांबलो, तर पुढची शांतता तुमची, कारण आता पाळी तुमची आहे. आणि विषय संपला, कुणीच कुणाला काही विचारलेलं नाही, दोघं गॅलरीत नुसते बसले आहेत, तर ती शांतता कुणाचीच नाही. तिचा जाब कुणाला द्यावा लागत नाही.

ताईच्या फोनमधली शांतता यातली दुसऱ्या प्रकारची होती. ती भावाच्या नावावर पडली. म्हणून ताईनं तिचा अर्थ लावला. तेच दोघं संध्याकाळी गच्चीवर बसलेले असते आणि मिनिटभर कुणीच बोललं नसतं, तरी तिच्या मनात काही आलं नसतं. म्हणजे शांततेचा अर्थ तिच्या लांबीइतकाच ती कुठे पडली यावर ठरतो. प्रश्नाच्या मागोमाग पडलेला एक सेकंद गच्चीवरच्या मिनिटापेक्षा जड असतो.

एक सेकंद म्हणजे तरी काय, असं वाटेल. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यात आपण सहसा किती कमी वेळ सोडतो, हे कळलं की तो सेकंद मोठा का वाटतो ते समजतं. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या हो-नाही प्रकारच्या प्रश्नांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात जपानी, कोरियन, इटालियन, डॅनिश, इंग्रजी, लाओ होत्या, तशाच मेक्सिको, नामिबिया आणि पापुआ न्यू गिनीमधल्या लहान समाजांच्या भाषाही होत्या. सगळ्या भाषांची सरासरी निघाली साधारण ०.२ सेकंद. जपानी लोक जवळपास प्रश्न संपतो त्याच क्षणी उत्तर देत होते, डॅनिश लोक सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत. सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत संथ यांच्यातला फरकसुद्धा अर्ध्या सेकंदापेक्षा कमी.

यातलं खरं नवल पुढेच आहे. एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव तोंडातून बाहेर यायला माणसाला सुमारे ०.६ सेकंद लागतात. विचार, शब्द शोधणं, जीभ हलणं या सगळ्याला मिळून एवढा वेळ हवाच. मग आपण ०.२ सेकंदांत उत्तर देतो कसं? तर समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण ते कुठे चाललं आहे याचा अंदाज बांधतो आणि उत्तर तयार करू लागतो. ‘‘रविवारी आईला डोळ्यांच्या...’’ इथपर्यंत आलं की भावाला पुढचं कळलेलं असतं. साधं ‘हो’ असेल तर ते ओठांवर तयार असतं. म्हणूनच ते उशिरा आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, इतका वेळ लागला म्हणजे काहीतरी अडलं आहे.

उशीर म्हणजे नकार?

ताईचा तर्क अगदीच निराधार नव्हता. माणसं होकार पटकन देतात आणि नकार रेंगाळत देतात, हे अनेक भाषांतल्या ध्वनिफितींमधून दिसलं आहे. आपल्याकडे तर ते कानांना सरावाचं आहे. ‘‘जेवायला येता का?’’ याला ‘‘येतो की!’’ हे लगेच येतं. यायचं नसेल तर आधी थोडी शांतता, मग ‘‘अं...’’, मग ‘‘तसं काही नाही, पण...’’, मग कारण, आणि खरा ‘नाही’ हा शब्द तर बहुतेकदा येतच नाही. नकारानं समोरचा दुखावतो, म्हणून आपण त्याच्याभोवती कापूस गुंडाळतो, आणि त्या कापसाचा पहिला थर म्हणजे ती शांतता.

ऐकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून शांतता लांबू लागली की तो नकार यायच्या आतच आपला प्रश्न बदलतो. ‘‘नेशील का?’’चं ‘‘जमत नसेल तर राहू दे’’ होतं. आता भावाला नकार द्यायचा असता तर त्याला ‘नाही’ म्हणायची गरजच उरली नसती, नुसतं ‘‘हं’’ म्हटलं तरी भागलं असतं. ही मोठी सभ्य सोय आहे. पण तो हो म्हणणार असेल, तर हीच सोय त्याच्या होकाराची किंमत उतरवते, कारण आता तो आग्रहाखातर दिलेला वाटतो.

ऐकणारा नुसत्या शांततेवरून असं ठरवतो का, की आवाजाच्या सुरावरून? अमेरिकेतल्या फेलिशिया रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगानं तपासलं. फोनवरची छोटी संभाषणं ध्वनिमुद्रित केली. एक जण मदत मागतो, दुसरा हो म्हणतो. मग ती विनंती आणि तो होकार तसाच ठेवून मधली शांतता तेवढी वाढवली, शून्यापासून १.२ सेकंदांपर्यंत. ऐकणाऱ्यांना विचारलं, या माणसाची मदत करायची कितपत इच्छा दिसते? होकाराचा शब्द तोच, सूर तोच. तरीही शांतता वाढत गेली तसं लोक म्हणू लागले की त्याची इच्छा कमी आहे. इंग्रजी ऐकणाऱ्यांमध्ये ही घसरण साधारण ०.७ सेकंदांच्या आसपास ठळक होत होती. इटालियन आणि जपानी भाषकांवर केलेल्या तुलनेतही कल तोच निघाला, फक्त कुणाचं मत किती घसरतं यात फरक होता.

जेफरसन यांनी पुष्कळ संभाषणं तपासून असं नोंदवलं होतं की इंग्रजी बोलणारी माणसं साधारण एक सेकंदापर्यंत शांतता चालवून घेतात, त्यानंतर कुणीतरी ती भरून काढतोच. हे आकडे तासून घेतलेला नियम मानू नयेत. ते पुष्कळ लोकांच्या सरासरीतून आलेले आहेत. एखाद्या एकट्या माणसाच्या एखाद्या एकट्या उशिराबद्दल ते काही सांगत नाहीत. ‘उशिरा आलेल्या उत्तरांत नकार जास्त असतात’ हे खरं असलं, तरी ‘याला उशीर झाला म्हणजे हा नाही म्हणतोय’ हे त्यातून सिद्ध होत नाही. भाऊ क्लासची वेळ आठवत असू शकतो. आजोबांना प्रश्न नीट ऐकू आलेला नसतो. दुसऱ्या भाषेत उत्तर देणारा मनातल्या मनात शब्द जुळवत असतो. आणि व्हिडिओ कॉलवर तर आवाज पोचायलाच उशीर होतो. अशा कॉलवर पाळी बदलताना पडणारी फट प्रत्यक्ष बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ती नेटवर्कमुळे पडली हे माहीत असूनही आपल्याला समोरचा माणूसच थंड वाटू लागतो.

ऐकणारा कोण आहे यावरही बरंच अवलंबून असतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या संशोधकांनी अनोळखी जोड्यांच्या आणि मित्रांच्या गप्पा तपासल्या. दोन सेकंदांहून लांब शांतता दोघांमध्येही पडत होती. अनोळखी माणसं त्या वेळी अवघडली, आपली नाळ तुटली असं त्यांना वाटलं. मित्रांना तसं वाटलं नाही, उलट त्यांच्यातल्या अशा काही जागा जवळिकीच्या निघाल्या. म्हणजे तेवढ्याच लांबीची शांतता एकाला अडथळा वाटते आणि दुसऱ्याला विसावा.

रॉबिन किना यांचा खटला

शांतता चुकीची वाचली गेली तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातलं आहे. रॉबिन किना या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या स्त्रीवर, सोबत राहणाऱ्या पुरुषाचा खून केल्याचा आरोप होता. घटना १९८८च्या जानेवारीतली, खटला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये चालला आणि एका दिवसाच्या आतच संपला. किना यांनी साक्ष दिली नाही, त्यांच्या बाजूनं कुणी साक्षीदारही आला नाही. त्यांना जन्मठेप झाली.

त्या पुरुषानं किना यांचा दीर्घकाळ अमानुष छळ केला होता आणि घटनेच्या दिवशी त्यांच्या अल्पवयीन भाचीवर अत्याचार करण्याची धमकी दिली होती, हे ज्यूरीपुढे आलंच नाही. वकिलांनी किना यांच्याशी खटल्याआधी बोलणं केलं होतं, पण त्या बोलण्यातून ही हकिकत बचावात उतरली नाही. पुढे तुरुंगातल्या समुपदेशनात आणि दूरचित्रवाणीच्या मुलाखतींत ती सगळी बाहेर आली. १९९३ साली प्रकरण पुन्हा अपील न्यायालयासमोर आलं, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांची साक्ष झाली.

ईड्स यांनी क्वीन्सलँडमधल्या मूळनिवासी समाजात अनेक वर्षं अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे लोक इंग्रजी बोलतात, पण त्यांची बोलण्याची रीत गोऱ्या वकिलांपेक्षा वेगळी आहे. महत्त्वाची गोष्ट विचारली की ते गप्प राहतात. ही शांतता विचाराची असते, समोरच्या माणसाशी आणि विषयाशी जुळवून घेण्याची असते. ती कित्येक सेकंद चालते आणि तिच्यात कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. आपली खासगी, लाजेची गोष्ट तर एका थेट प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलीच जात नाही. आधी थोडं आजूबाजूचं बोलणं होतं, मग शांतता, मग एखादा धागा पुढे येतो.

वकिलाची रीत याच्या नेमकी उलट. प्रश्न, लगेच उत्तर, पुढचा प्रश्न. उत्तर आलं नाही तर तो समजतो, हिला माहीत नाही किंवा सांगायचं नाही, आणि पुढे सरकतो. किना विचार करून तोंड उघडणार तोवर विषय बदललेला असणार. वकील वाईट हेतूचे होते असं म्हणायची गरज नाही. त्यांचं घड्याळ वेगळं होतं, आणि त्या घड्याळानुसार समोरची बाई काहीच सांगत नव्हती.

न्यायालयानं मान्य केलं की किना आणि त्यांचे वकील यांच्यातला संवाद नीट झाला नव्हता. त्यांची सांस्कृतिक पार्श्वभूमी, सोसलेली मारहाण आणि घटनांचं लाजिरवाणं स्वरूप ही त्याची कारणं म्हणून नोंदवली गेली. खुनाची शिक्षा रद्द झाली आणि किना बाहेर आल्या. तोवर त्यांची पाच वर्षं गेली होती.

ईड्स यांनी याच सुमारास क्वीन्सलँडच्या वकिलांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाही लिहिली, ती १९९२मध्ये निघाली. मूळनिवासी अशिलाशी बोलताना शांतता भरून काढू नका, तिला नकार किंवा अज्ञान समजू नका, हा तिच्यातला एक मुख्य सल्ला. दुसरा सल्ला याच्याच दुसऱ्या बाजूचा होता. या समाजात अधिकारी माणसानं लागोपाठ प्रश्न विचारले की लोक सगळ्यालाच ‘हो’ म्हणतात, प्रश्न समजला असो वा नसो. संकट टळावं म्हणून दिलेला तो होकार असतो. म्हणजे शांततेला जागा दिली नाही, तर तिच्या जागी जे उत्तर मिळतं ते खरं असेलच असं नाही. झटपट मिळालेला ‘हो’ हा उशिरा आलेल्या ‘हो’पेक्षा कधी कधी जास्त फसवा असतो.

आपल्याकडे यातलं काहीच परकं नाही. तहसील कचेरीत साहेबांपुढे उभा राहिलेला माणूस किंवा सरकारी दवाखान्यात भराभर प्रश्न ऐकणारी बाई ‘‘हो साहेब, हो डॉक्टर’’ म्हणत राहते आणि बाहेर आल्यावर बरोबरच्याला विचारते, ‘‘काय म्हणाले हो ते?’’ प्रश्न विचारणाऱ्याचा समज मात्र असा की सगळं नीट कळलं.

तीन सेकंद थांबलं तर

शांतता तशीच राहू द्यायची म्हणजे किती वेळ, आणि त्यानं होतं काय, याचं सगळ्यांत नेमकं उत्तर शाळेच्या वर्गातून आलं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारायचे, दुसऱ्या मुलाकडे वळायचे किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकायचे.

रो यांनी शिक्षकांना दोन जागी थांबायला शिकवलं, दोन्हीकडे किमान तीन सेकंद. पहिली जागा प्रश्न विचारल्यानंतरची, तिची कल्पना कुणालाही येईल. दुसरी सहज सुटते. ती आहे मुलाचं उत्तर थांबल्यानंतरची. मूल एक वाक्य बोलून थांबतं तेव्हा ते संपलेलं असेलच असं नाही, ते पुढचं जुळवत असतं.

एखाद्या सहावीच्या वर्गात हे कसं दिसेल ते पाहू. बाई विचारतात, ‘‘भात शिजताना झाकणाच्या आतून पाणी कुठून येतं?’’ मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, ‘‘वाफेचं.’’ इथे बाई लगेच ‘‘शाब्बास, बरोबर’’ म्हणाल्या, तर उत्तर एका शब्दाचं राहिलं आणि विषय मिटला. त्या तीन सेकंद काहीच न बोलता त्याच्याकडे बघत राहिल्या, तर बहुतेक वेळा तो मुलगाच पुढे बोलतो. ‘‘म्हणजे वाफ वर जाते... झाकण थंड असतं ना, म्हणून तिचं पुन्हा पाणी होतं.’’ आणि कधी शेजारची मुलगी विचारते, ‘‘पण बाई, भात शिजून झाल्यावर झाकण गरम असतं, तरी पाणी असतंच की!’’ खरा तास इथून सुरू होतो. त्या मुलीचा प्रश्न पहिल्या सेकंदात यायला वावच नव्हता.

रो यांच्या नोंदी अशाच होत्या. मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, कुणी नाव न घेताही मुलं बोलू लागली, एकमेकांच्या उत्तरांवर बोलू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. शिक्षक ज्यांना ‘हळू’ समजत होते, त्या मुलांकडूनही उत्तरं येऊ लागली. बदल शिक्षकांमध्येही झाला. त्यांचे प्रश्न कमी झाले, पण जास्त विचारपूर्वक आले.

याला मर्यादा आहे आणि ती रोजच्या बोलण्यातही लागू पडते. ‘‘सात नव्वे किती?’’ असं विचारून तीन सेकंद थांबण्यात अर्थ नाही. ते येत असेल तर लगेच येईल, येत नसेल तर त्या शांततेत मूल सगळ्या वर्गासमोर घामाघूम होईल. जिथे उत्तर आठवायचं नसून जुळवायचं आहे, तिथेच थांबणं कामाचं. प्रश्नच नीट कळला नसेल तरी थांबून उपयोग नाही. हे ओळखता येतं. विचार करणारं मूल बहुधा नजर वर किंवा बाजूला नेतं, ओठ हलवतं, काहीतरी पुटपुटतं. प्रश्न न कळलेलं मूल तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याच्या वहीकडे बघतं. पहिल्याला वेळ द्यावा, दुसऱ्याला प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारावा.

थांबलं तर बोलणं संपणारच नाही?

थांबायला नको वाटण्याचं एक प्रामाणिक कारण वेळेचं असतं. डॉक्टरांना विचारा. बाहेर तीस पेशंट बसलेले, यानं सुरू केलं आणि थांबलाच नाही तर? स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं, निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी ‘‘काय त्रास होतोय?’’ असं विचारायचं आणि पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत अडवायचं नाही, फक्त ‘हं’ म्हणत राहायचं, असं ठरलं. पेशंट सरासरी दीड मिनिट बोलले. निम्मे तर मिनिटभरातच आटोपले आणि दहापैकी जवळपास आठ जण दोन मिनिटांच्या आत. ३३५ पेशंटांपैकी फक्त सात जण पाच मिनिटांच्या पुढे गेले, आणि त्यांचंही बोलणं महत्त्वाचं होतं असं डॉक्टरांनी सांगितलं. याउलट १९८४च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच पेशंटला तोडताना दिसले होते.

वाईट बातमी सांगतानाची शांतता याहून नाजूक. गाठ कर्करोगाची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस गप्प होतो. डॉक्टरला ती शांतता असह्य होते आणि तो लगेच उपचार, किमोचे डोस, यशाची टक्केवारी सांगायला लागतो. पेशंटच्या कानावर त्यातलं काही पडत नसतं. इथे डॉक्टरनं तिथेच, त्याच्याकडे बघत बसून राहायचं असतं. पुढचं बोलणं पेशंटच्या पहिल्या शब्दावर बेतायचं. तो ‘‘किती दिवस?’’ असं विचारतो की ‘‘घरी कसं सांगू?’’ असं, यावरून त्याला आधी काय हवं आहे ते कळतं. डॉक्टर आधीच बोलून बसला तर ते कधीच कळत नाही.

कुठे थांबू नये

प्रत्येक शांतता सोन्याची नसते. उत्तर तुमच्याकडे थकलेलं असेल आणि तुम्हाला वेळ हवा असेल, तर तो मागून घ्यावा. भावानं ‘‘थांब हं, हिच्या क्लासची वेळ बघतो’’ एवढं म्हटलं असतं, तर ती शांतता ताईच्या दृष्टीनंही विचाराची झाली असती. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे हे जास्तच लागतं. ‘हं’ किंवा ‘अं’ एवढा आवाजही पुरतो, कारण तो सांगतो की मी ऐकलं आहे आणि उत्तर येत आहे.

चारचौघांत एकानं काही सांगितलं आणि सगळेच गप्प झाले, तर तीही शांतता फार वेळ राहू देऊ नये. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात लोकांना गटचर्चेची चित्रफीत दाखवली आणि आपण त्या गटातले आहोत अशी कल्पना करायला सांगितली. बोलणं संपल्यावर चार सेकंदांची शांतता पडली की पाहणाऱ्यांना आपल्याला गटानं झिडकारल्यासारखं वाटलं. नवी सून, ऑफिसात नुकतीच आलेली मुलगी किंवा संस्थेच्या बैठकीत पहिल्यांदा बोललेला माणूस याच चार सेकंदांमुळे पुन्हा तोंड उघडत नाही. तिथे जुन्यातल्या कुणीतरी ‘‘हा मुद्दा आपण धरूया’’ एवढं तरी म्हणावं.

आणि एका जागी तर शांतता कधीच उत्तर म्हणून घेऊ नये, ती जागा संमतीची. मौन म्हणजे संमती असं आपण सहज म्हणतो. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर ‘‘पसंत आहे ना गं?’’ असं विचारलं, ती खाली मान घालून गप्प राहिली आणि वडीलधारे ‘‘लाजली, म्हणजे हो’’ म्हणून मोकळे झाले, असं कितीतरी घरांत झालं आहे. अभ्यास सांगतो ते याच्या विरुद्ध आहे. प्रश्नानंतर लांबलेली शांतता ही सरासरीनं होकारापेक्षा नकाराच्या जवळची असते, आणि ज्याला नाही म्हणायची मोकळीक नसते त्याच्याकडे तर तेवढीच एक भाषा उरते. आपल्या कायद्यानंही २०१३च्या दुरुस्तीपासून लैंगिक संबंधांतल्या संमतीची व्याख्या हेच धरून केली आहे. तिथे शब्दांनी, खुणेनं किंवा अन्य मार्गानं स्पष्टपणे व्यक्त केलेला स्वेच्छेचा होकारच संमती ठरतो. मुलीला लग्नाबद्दल विचारायचं तर एकटीला, घाई नसताना विचारावं, आणि तिचा शब्द येईपर्यंत ‘हो’ धरू नये.

या सगळ्या उदाहरणांत एक सूत्र आहे. ताईचं नुकसान थोडं होतं, भावाशी तिनं पुन्हा बोलून घेतलं की झालं. वर्गातल्या मुलाचं, दवाखान्यातल्या बाईचं, वकिलासमोर बसलेल्या अशिलाचं तसं नसतं. त्यांना ‘‘थांबा, मला विचार करू द्या’’ म्हणता येत नाही. बोलण्याची गती तिथे खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो, म्हणून थांबण्याची जबाबदारीही त्याचीच. प्रश्न विचारून झाल्यावर मनात तीन आकडे मोजायला त्याला काही खर्च येत नाही. मिळालेल्या उत्तरानंतर पुन्हा तीन मोजले, तर जे सांगायचं राहिलं होतं ते ऐकायची संधी त्यालाच मिळते.